पासबुकावरचं चुकलेलं नाव : बँकेला द्यायच्या अर्जात नेमकं काय लिहायचं

प्रश्न : मी 72 वर्षांची निवृत्त शिक्षिका आहे. पेन्शनच्या खात्याच्या पासबुकावर माझं नाव JYOTSNA ऐवजी JOSTNA असं छापलंय. मागे तक्रार केली तेव्हा खिडकीवरच्या मुलाने पेनाने Y घालून शिक्का मारून दिला. ते पासबुक भरलं, नवं मिळालं, तर त्यावर पुन्हा JOSTNA. परवा मुलगा पैसे पाठवायला गेला तर त्याच्या मोबाइलवर हेच नाव आलं आणि तो थांबला. आता लेखी अर्ज द्यायचाय. मी दीड पान लिहिलंय, पण काय ठेवावं, काय काढावं ते कळत नाही. नोव्हेंबरात हयातीचा दाखला आहे, त्याआधी काम होईल का?

उत्तर :

ज्योत्स्नाबाई, तुम्ही दिलेली दोन्ही नावं मी कागदावर एकाखाली एक लिहून पाहिली. बरोबर नावात सात अक्षरं आहेत, चुकीच्या नावात सहा. Y गळलाय हे कोणाच्याही लगेच लक्षात येतं. पण त्याशिवाय T आणि S यांची अदलाबदलही झाली आहे. त्या मुलाने पेनाने Y घालून दिला तेव्हा नाव झालं JYOSTNA. म्हणजे दुरुस्ती केलेलं नावही चुकीचंच होतं, आणि ते तुमच्या किंवा त्याच्या ध्यानात आलं नाही. तुमच्या अर्जात जर 'नावात वाय राहिला आहे, तो घालावा' असं वाक्य असेल तर ते आधी काढा. काउंटरवरचा माणूस अर्जात लिहिलंय तेवढंच करतो. त्याने वाय घातला की त्याच्या दृष्टीने काम संपलं, आणि तुमच्या हातात तिसरंच नाव येईल.

मी 33 वर्षं बँकेत काढली, त्यातली शेवटची अकरा शाखेत पासिंग अधिकारी म्हणून. कारकुनाने केलेली नोंद कागदाशी ताडून पाहायची आणि मंजूर करायची, हे माझं रोजचं काम होतं. नाव दुरुस्तीचे अर्ज आठवड्याला चार-पाच तरी यायचे, त्यात पेन्शनर मंडळींचे जास्त. त्यामुळे टेबलाच्या पलीकडून हा अर्ज कसा वाचला जातो ते सांगतो. ते कळलं की दीड पानातलं काय ठेवायचं हे तुमचं तुम्हालाच दिसेल.

पासबुकावर जे छापलं जातं ते पासबुकात राहत नाही. ते बँकेच्या संगणकातल्या तुमच्या ग्राहक नोंदीतून येतं. त्या नोंदीला बँकेत सीआयएफ म्हणतात आणि तिला स्वतःचा एक क्रमांक असतो. बऱ्याच बँकांच्या पासबुकाच्या पहिल्या पानावर खाते क्रमांकाच्या आसपास हा क्रमांक छापलेला असतो. काही ठिकाणी त्याला 'ग्राहक क्रमांक' म्हणतात. तुमचं नाव, जन्मतारीख, पत्ता, पॅन, आधार, मोबाइल हे सगळं या एका नोंदीत असतं आणि तुमची खाती तिला जोडलेली असतात. पासबुक छापणारं यंत्र दर वेळी तिथूनच नाव उचलतं. म्हणून पेनाने केलेली दुरुस्ती त्या पासबुकाच्या शेवटच्या पानापर्यंतच टिकली. मुलाच्या मोबाइलवर आलेलं नावही त्याच नोंदीतलं. 2025 च्या एप्रिलपासून एनईएफटी आणि आरटीजीएसने पैसे पाठवणाऱ्याला समोरच्या खात्यावरचं नाव आधी दाखवण्याची सोय रिझर्व्ह बँकेने बँकांना करायला लावली आहे. आधी अशा व्यवहारात पैसे निव्वळ खाते क्रमांकावर जमा व्हायचे, त्यामुळे चुकीचं नाव वर्षानुवर्षं कोणाला बोचत नव्हतं. आता ते पाठवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर येतं. मुलगा थांबला हे त्याने योग्यच केलं.

तेव्हा अर्जाचा विषय 'पासबुकावरील नाव दुरुस्त करणेबाबत' असा लिहिला असेल तर तो बदला. मागणी बँकेच्या ग्राहक नोंदीतल्या नावाची करायची. ती दुरुस्त झाली की पासबुक आपोआप नीट छापून येतं. विषयाच्या ओळीतला हा एका शब्दाचा फरक आहे, पण अर्ज कोणाच्या टेबलावर जाणार हे त्यावरच ठरतं. 'पासबुक' म्हटलं की तो छपाईच्या खिडकीकडे जातो, आणि तिथल्या मुलाच्या हातात पेनाशिवाय दुसरं काही नसतं. 'ग्राहक नोंद' म्हटलं की तो केवायसी पाहणाऱ्या माणसाकडे जातो.

आता तो अर्ज तिथे कोण वाचतो ते पाहू. नाव बदलण्याचा अधिकार एकट्या माणसाकडे नसतो. एकजण संगणकात नवीन नाव टाकतो आणि दुसरा अधिकारी ते तपासून पास करतो. पास करेपर्यंत जुनंच नाव राहतं. पास करताना मी काय पाहायचो? समोरच्या कागदावर जुनं नाव, नवं नाव आणि पुरावा ही तिन्ही स्पष्ट आहेत का, आणि खाली ग्राहकाची आपल्याकडच्या नमुन्याशी जुळणारी सही आहे का. याचं कारण असं, की बँकेत नाव बदलणं ही जोखमीची नोंद मानली जाते. नाव बदलून दुसऱ्याचे पैसे काढल्याची प्रकरणं होतात. म्हणून वर्ष-दोन वर्षांनी ऑडिटर येतो, बदललेल्या नोंदींची यादी काढतो आणि प्रत्येकीमागचा कागद मागतो. तुमचा अर्ज हा तो कागद. तुम्हाला न ओळखणारा, तुम्ही कुठल्या शाळेत किती वर्षं शिकवलंत हे माहीत नसलेला एक माणूस तो अर्ज दोन वर्षांनी वाचणार आहे, आणि अधिकाऱ्याने बरोबर केलं की नाही हे त्यावरून ठरवणार आहे. असा कागद हातात असला की अधिकारी बिनधास्त पास करतो. नसला की 'उद्या या', 'साहेब रजेवर आहेत' सुरू होतं. त्यामागे बहुतेक वेळा आळसापेक्षा ऑडिटची धास्ती जास्त असते.

म्हणून दीड पानातला सेवेचा इतिहास, खातं कधीपासून आहे, कोणत्या मॅनेजरांनी काय सांगितलं, किती मनस्ताप झाला, हे सगळं बाजूला ठेवा. ते खरं आहे आणि वाचताना मलाही वाईट वाटलं असतं. पण त्या मजकुरात तुमची तीन कामाची वाक्यं हरवतात. मागच्या तक्रारीचा उल्लेख मात्र एका ओळीत जरूर ठेवा, कारण चूक आधी दाखवून दिली होती हे कागदावर यायला हवं.

लिहायला बसण्याआधी एक काम. तुमचं आधार, पॅन आणि पेन्शनचा आदेश, म्हणजे पीपीओ, हे तिन्ही टेबलावर शेजारी ठेवा आणि प्रत्येकावरचं इंग्रजी नाव अक्षर अक्षर वाचा. नाव, पतीचं किंवा वडिलांचं नाव, आडनाव, आणि त्यांचा क्रमही. पुढचं सगळं यावर अवलंबून आहे.

तिन्हींवर JYOTSNA असेल आणि बाकीचं नावही सारखंच असेल, तर ही निव्वळ स्पेलिंगची चूक आहे. तिला आधारची प्रत आणि पॅनची प्रत एवढा पुरावा सहसा पुरतो. प्रतिज्ञापत्र, राजपत्र असलं काही लागू नये. खातं उघडताना तुम्ही भरलेला मूळ फॉर्म शाखेत असेल आणि त्यावर तुमच्या हातचं नाव बरोबर असेल, तर चूक बँकेच्या टंकलेखनातली आहे हे आपसूक सिद्ध होतं. जुन्या खात्यांमध्ये हे फार दिसतं. खातेवह्या बंद होऊन सगळं संगणकावर गेलं तेव्हा हजारो नावं घाईघाईत टंकली गेली. देवनागरीत लिहिलेल्या फॉर्मवरून इंग्रजी स्पेलिंग कारकून आपल्या मनाने करायचा. ज्योत्स्ना, ज्ञानेश्वर, कृष्णा, ऋतुजा अशा जोडाक्षरांच्या आणि ऋकाराच्या नावांचे हाल सगळ्यांत जास्त झाले. माझ्या टेबलावर एकाच 'ज्ञानेश्वर'ची तीन खात्यांवर तीन स्पेलिंगं आलेली मी पाहिली आहेत.

आधार आणि पॅन यांच्यातच फरक असेल, उदाहरणार्थ पॅनवर JYOTSANA, तर थांबा. बँकेत एक स्पेलिंग करून घ्याल आणि ते दुसऱ्या कागदाशी भांडत राहील. अशा वेळी जे नाव तुमच्या पीपीओवर आणि सेवापुस्तकात आहे ते धरून चालावं, आणि आधी पॅन दुरुस्त करून मग बँकेत जावं, असं माझं मत. उलट, बँकेतल्या चुकीशी जुळावं म्हणून आधारवरचं बरोबर नाव बदलायला कोणी सांगितलं तर मुळीच ऐकू नका. हा सल्ला खिडकीवर खरंच दिला जातो, कारण त्याने बँकेचं काम वाचतं. आधारवरचं नाव आयुष्यात फक्त दोनदा बदलता येतं. त्यातली एक संधी दुसऱ्याच्या चुकीवर घालवायची नाही.

आणि पीपीओवरच नाव चुकलेलं असेल, तर ती दुरुस्ती बँकेच्या हातात नाही. त्यासाठी ज्या कार्यालयाने पेन्शन मंजूर केली तिकडे शाळेमार्फत किंवा शिक्षण विभागामार्फत वेगळा अर्ज जातो आणि त्याला वेळ लागतो. बँकेचं काम त्यासाठी अडवून ठेवू नका. दोन्ही वेगवेगळे चालू द्या.

आणखी एक शक्यता विचारून ठेवतो, कारण तुम्ही लिहिलेलं नाही. खातं लग्नाआधीच्या नावाने होतं आणि आता सासरचं नाव हवंय, असं तर नाही ना? तसं असेल तर ती दुरुस्ती नाही, तो नावातला बदल झाला. केवायसीच्या नियमांत त्यासाठी शासनाने दिलेला विवाह नोंदणी दाखला किंवा राजपत्रातली नोंद लागते. अर्जात 'नाव बदलणे' हा शब्द चुकून जरी आला तरी समोरचा माणूस ही कागदपत्रं मागू लागतो. तुमच्या बाबतीत सगळीकडे 'स्पेलिंगमधील चूक दुरुस्त करणे' असंच लिहा.

आता अर्ज. मराठीत लिहिला तरी चालतो. फक्त दोन्ही नावं इंग्रजी मोठ्या लिपीत, वेगळ्या ओळीवर, एकाखाली एक आली पाहिजेत, कारण संगणकात तीच अक्षरं जाणार आहेत. तुमच्या जागी मी असतो तर एवढंच लिहिलं असतं :

प्रति,
मा. शाखा व्यवस्थापक,
(बँकेचे व शाखेचे नाव)

दिनांक : …

विषय : ग्राहक नोंदीतील (सीआयएफ) माझ्या नावाच्या स्पेलिंगमधील चूक दुरुस्त करणेबाबत.

बचत खाते क्रमांक : …
ग्राहक क्रमांक : …

महोदय,

वरील खात्यावर माझी निवृत्तिवेतनाची रक्कम जमा होते. आपल्या नोंदीत माझ्या पहिल्या नावाचे स्पेलिंग चुकीचे आहे.

सध्या नोंदीत असलेले : JOSTNA
बरोबर : JYOTSNA

(सात अक्षरे : J-Y-O-T-S-N-A. पुढील नाव व आडनाव बरोबर आहे, त्यात बदल नको.)

माझ्या आधार, पॅन व निवृत्तिवेतन आदेशावर हेच बरोबर नाव आहे. स्वसाक्षांकित प्रती सोबत जोडल्या आहेत, मूळ कागद पडताळणीसाठी आणले आहेत. यापूर्वी तक्रार केल्यावर पासबुकावर पेनाने दुरुस्ती करून देण्यात आली होती, परंतु नव्या पासबुकावर पुन्हा जुनेच नाव छापून आले.

तरी माझ्या ग्राहक नोंदीत व त्याखालील सर्व खात्यांत आणि ठेवींत नाव दुरुस्त करून नवीन नावाचे पासबुक द्यावे, ही विनंती.

आपली विश्वासू,
(सही)
(पूर्ण नाव, पत्ता, मोबाइल क्रमांक)

सोबत : 1) आधारची प्रत 2) पॅनची प्रत 3) निवृत्तिवेतन आदेशाच्या पहिल्या पानाची प्रत 4) सध्याच्या पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत

कंसातली ती 'बदल नको' ओळ अनेकांना जास्तीची वाटते. मी ती मुद्दाम घातली आहे. नाव दुरुस्त करताना कारकून पुष्कळदा पूर्ण नाव नव्याने टंकतो, आणि पहिलं नाव सुधारताना आडनावात नवी चूक करून बसतो. ही ओळ असली की पास करणारा अधिकारी उरलेलं नावही जुन्याशी ताडून पाहतो.

आधारची प्रत देताना पहिले आठ अंक झाकलेली प्रत चालते का ते विचारा. बहुतेक ठिकाणी चालते. प्रत्येक प्रतीवर आडवं लिहा : 'फक्त नाव दुरुस्तीसाठी', खाली तारीख आणि सही. कागद आमच्या हातून गेल्यावर कुठे फिरतो हे मी आतून पाहिलंय, म्हणून सांगतो.

सहीबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण वयस्कर माणसांचे अर्ज परत येण्याचं मी पाहिलेलं सगळ्यांत मोठं कारण तेच आहे. तुमची नमुना सही बँकेत खातं उघडतानाची असणार. तेव्हा हात स्थिर होता, अक्षर फळ्यावर लिहिणाऱ्याचं होतं. आज तीच सही थोडी कापरी, थोडी आखडलेली येते. अर्जावर ती पडली की पास करणारा म्हणतो, सही जुळत नाही. आणि नाव बदलण्याच्या अर्जावरच सही जुळत नसेल तर तो कधीच पुढे जाणार नाही. म्हणून अर्ज घरी सही करून मुलाच्या हाती पाठवू नका. स्वतः जा आणि अधिकाऱ्यासमोर सही करा. सही जुळत नाही असं म्हणाले तर त्याच बैठकीत नवीन नमुना सही देण्याचा फॉर्म मागा आणि तोही भरून द्या. आणखी एक. तुम्ही सही इंग्रजीत करत असाल आणि आजवर बँकेशी जुळावं म्हणून JOSTNA अशी करत आला असाल, तरी अर्जावर सही नेहमीचीच करा. नवी सही वेगळ्या फॉर्मवर. दोन्ही एकाच कागदावर मिसळल्या की गोंधळ होतो.

जायचं ते शक्यतो खातं असलेल्या मूळ शाखेत. नाव दुरुस्तीचा अधिकार बऱ्याच बँकांत मूळ शाखेलाच असतो. दुसऱ्या शाखेने अर्ज घेतला तरी तो तिकडेच पाठवला जातो आणि वाटेत रेंगाळतो. तुम्हाला जाणं फार अवघड असेल तर 70 वर्षांवरच्या ग्राहकांसाठी घरी येऊन कागद नेण्याची सोय ठेवा, असं रिझर्व्ह बँकेने 2017 मध्ये बँकांना सांगितलेलं आहे. तुम्ही त्यात बसता. प्रत्येक शाखेत ही सोय सुरळीत चालते असं मात्र मी म्हणणार नाही. फोन करून विचारा, त्याला शुल्क आहे का तेही विचारा.

अर्जाच्या दोन प्रती न्या. एकीवर पोच घ्यायची : शाखेचा गोल शिक्का, तारीख आणि घेणाऱ्याची सही. आवक क्रमांक देत असतील तर तोही. मागच्या वेळी तुमच्याकडे यातलं काहीच नव्हतं, म्हणून आज बँकेकडे तुमची तक्रार 'झालेलीच नाही'. पोच देताना कोणी आढेवेढे घेतले तर व्यवस्थापकांकडे जा. अर्ज घेऊन पोच न देणं याला काही आधार नाही.

आता एक प्रकरण सांगतो, कारण तुमच्या बाबतीत ते घडण्याची शक्यता मला बरीच वाटते. माझ्या शाखेत एक निवृत्त मुख्याध्यापक यायचे. त्यांच्याही नावात एक अक्षर चुकलं होतं. अर्ज नीट होता, नाव दुरुस्त झालं, पासबुक बरोबर छापून आलं, ते समाधानाने गेले. चार महिन्यांनी मुदत ठेव संपली तेव्हा नवी पावती पुन्हा चुकीच्या नावाने निघाली. शोधल्यावर कळलं की त्यांच्या नावे दोन ग्राहक नोंदी होत्या. एक पगाराच्या काळातली, शाळेने एकदम सगळ्या शिक्षकांची खाती उघडली तेव्हाची. दुसरी, त्यांनी स्वतः ठेव ठेवली तेव्हा कारकुनाने आधीची नोंद न शोधता नव्याने तयार केलेली. चूक दोन्हीकडे होती. आम्ही दुरुस्त केली होती ती एकच. नावाचं स्पेलिंग चुकलेलं असलं की हे जास्त होतं, कारण कारकून बरोबर नावाने शोधतो, त्याला जुनी नोंद सापडतच नाही आणि तो नवी बनवतो.

म्हणून अर्ज देतानाच विचारा : 'माझ्या पॅनवर किंवा मोबाइल नंबरवर आणखी एखादा ग्राहक क्रमांक दिसतो का?' घरातली सगळी पासबुकं आणि ठेवींच्या पावत्या काढून त्यांवरचे ग्राहक क्रमांक आधी स्वतः ताडून पाहा. वेगळा क्रमांक दिसला तर तोही अर्जात लिहा आणि दोन्ही नोंदी एकत्र करायची विनंती करा. एकत्र करायला जास्त दिवस लागतात, पण नाव दोन्हीकडे लगेच सुधारता येतं.

यातच एक कोपरा राहून जातो, तो वारसनोंदीचा. यजमानांच्या किंवा मुलाच्या खात्यावर वारस म्हणून तुमचं नाव असेल तर ते तिथे वेगळं टंकलेलं असतं, तुमच्या ग्राहक नोंदीतून येत नाही. तुमचं नाव इथे सुधारलं तरी तिथलं तसंच राहील. त्यासाठी त्या खातेदाराने वारसनोंदीचा फॉर्म नव्याने भरून द्यावा लागतो. घाई नाही, पण एकदा त्यांच्या पासबुकावर पाहून घ्या.

नोव्हेंबरचं म्हणाल तर, कागद नीट असतील आणि नोंद एकच असेल तर हे काम संगणकावर पंधरा-वीस मिनिटांचं आहे. प्रत्यक्षात शाखेतली गर्दी, रजा, वरच्या कार्यालयाची मंजुरी लागते की नाही, यावर दोन दिवसांपासून दोन-तीन आठवडेही लागू शकतात. पेन्शन कोषागारातून येत असेल तर हयातीच्या दाखल्याची जी यादी शाखेत येते तिच्यावरचं नाव पेन्शनच्या कार्यालयाकडचं असतं, बँकेचं नसतं. तिथे तुमचं नाव बरोबर असेल तर बँकेतल्या चुकीमुळे सही अडण्याचं सहसा कारण नाही. तरीही अर्ज ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात द्यावा असं मी सुचवेन. नोव्हेंबरात शाखेत पेन्शनरांची एवढी रीघ असते की बाकीच्या कामांना हातच लागत नाही. नेमकं त्या दिवसांत नाव अर्धवट अवस्थेत, म्हणजे टाकलंय पण पास झालेलं नाही असं राहू नये.

आठवड्याने पोच घेऊन चौकशीला जा. 'झालं का?' असं विचारलंत तर 'होईल' असं उत्तर येतं. त्याऐवजी विचारा : 'नोंद टाकली आहे का, आणि पास झाली आहे का?' या दोन प्रश्नांना हो किंवा नाही असंच उत्तर द्यावं लागतं. टाकली असेल आणि पास व्हायची राहिली असेल, तर कोणाच्या टेबलावर अडलंय ते तुम्हाला तिथेच कळेल.

तरीही हललं नाही तर पोच दिल्याच्या तारखेपासून तीस दिवस मोजा. तोवर बँकेचं उत्तर आलं नाही, किंवा आलेलं उत्तर पटण्यासारखं नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. ती cms.rbi.org.in या संकेतस्थळावर नोंदवायची. शुल्क नाही, वकीलही लागत नाही. तिथे पहिला कागद मागतात तो बँकेला दिलेल्या लेखी तक्रारीचा, म्हणजे तुमची शिक्क्याची प्रत. माझा अनुभव असा की तिथवर जावं लागत नाही. तिसाव्या दिवसाच्या आसपास व्यवस्थापकांना भेटून ती प्रत पुढे ठेवली आणि पुढचं पाऊल शांतपणे सांगितलं की काम होतं.

नाव झालं असं सांगितलं की खिडकीवरूनच नवं पासबुक छापून घ्या आणि तिथे उभं राहूनच पहिलं पान वाचा. चष्मा न्यायला विसरू नका. J नंतर Y, O नंतर T, T नंतर S. मग पुढचं नाव, आडनाव, जन्मतारीख आणि मोबाइल क्रमांकही पाहा, कारण नोंद उघडली की हात दुसरीकडेही लागतो. घरी आल्यावर मुलाला सांगा की तुमचं नाव पुन्हा एकदा त्याच्या मोबाइलवर उघडून बघ. त्याच्या बँकेच्या अ‍ॅपमध्ये तुमचं नाव आधीच जतन केलेलं असेल तर ते जुनंच दिसेल, म्हणून आधीची नोंद काढून नव्याने घालायला सांगा. तिथे बरोबर नाव दिसलं की बँकेच्या नोंदीत खरोखर बदल झाला, याची तुम्हाला मिळू शकणारी सगळ्यांत पक्की खूण तीच.

एटीएम कार्डावर जुनं नाव छापलेलं असेल तर ते चालत राहील. मुदत संपून नवं येईल तेव्हा त्यावर बरोबर नाव असेल. चेकबुक मात्र नवं मागून घ्या. आणि पेनाने Y घातलेलं ते जुनं पासबुक बँक रद्दचा शिक्का मारून परत देते, ते टाकू नका. पोचेच्या प्रतीला टाचून ठेवा. पुढे एखाद्या ठेवीच्या किंवा विम्याच्या जुन्या कागदावर JOSTNA निघालीच, तर ती आणि तुम्ही एकच, हे दाखवायला त्या दोन कागदांइतका सोपा पुरावा दुसरा नसेल.